कार्बोनिलचा आकडा कसा वाचावा

लुडविग माँड यांच्या सोडा कारखान्यात निकेलच्या झडपा गंजून खराब होत होत्या. गंज आणणाऱ्या वायूंमध्ये कार्बन मोनॉक्साईड होता, म्हणून माँड, कार्ल लँगर आणि फ्रिडरिश क्विंके यांनी लंडनच्या प्रयोगशाळेत निकेलच्या बारीक भुकटीवरून तो वायू सोडून पाहिला. भट्टी थंड होत असताना नळीतून बाहेर पडणारा उरलेला वायू ते जाळून टाकत. त्या ज्योतीचा रंग बदलला, तिच्यात हिरवट पिवळी झाक आली. ज्योतीसमोर चिनी मातीचा थंड तुकडा धरला, तर त्यावर आरशासारखा चकचकीत थर बसला. तो थर निकेलचा होता. हा जड, कठीण धातू वायूबरोबर उडून आला होता, कारण एका निकेल अणूभोवती चार कार्बन मोनॉक्साईड रेणू बसून Ni(CO)4 हा पदार्थ तयार झाला होता. त्याचा उत्कलनबिंदू अवघा 43 अंश सेल्सिअस आहे. हे 1890 साली प्रसिद्ध झालं.

पण यातून एक कोडं उभं राहिलं. धातूला चिकटणारे रेणू सहसा आपल्याकडची इलेक्ट्रॉनांची जोडी धातूला देतात. अमोनिया देतो, पाणी देतं. कार्बन मोनॉक्साईड मात्र या बाबतीत भलताच कंजूष. आम्लाचा प्रोटॉनदेखील तो सहजासहजी धरून ठेवत नाही. असा दाता इलेक्ट्रॉनांनी आधीच भरलेल्या, कोणताही विद्युतभार नसलेल्या निकेलला इतका घट्ट का धरतो?

आज रसायनशास्त्रात याचं जे उत्तर शिकवलं जातं, त्यात देवाणघेवाण दुहेरी आहे. कार्बन मोनॉक्साईडच्या कार्बन टोकावर इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते, ती धातूकडे झुकते. हा पहिला व्यवहार. त्याच वेळी धातू आपल्या डी ऑर्बिटलमधले इलेक्ट्रॉन त्याच कार्बन मोनॉक्साईडला परत देतो. या परतफेडीला बॅक-बाँडिंग म्हणतात. धातू आणि कार्बन यांच्यातला बंध या दोन्ही व्यवहारांनी मजबूत होतो. मेख इथे आहे, की परत आलेले इलेक्ट्रॉन रेणूतल्या ज्या रिकाम्या जागी शिरतात, ती जागा कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातल्या बंधाच्या विरोधात काम करणारी असते. तिथे जितके जास्त इलेक्ट्रॉन जातील, तितका कार्बन आणि ऑक्सिजनमधला बंध सैल होतो. धातूने किती दिलं हे थेट मोजायची सोय नाही, पण बंध किती सैल झाला हे मोजता येतं.

मोजण्यासाठी अवरक्त प्रकाश वापरतात. रेणूतले दोन अणू एकमेकांपासून दूर जातात, जवळ येतात, पुन्हा दूर जातात, आणि ही कंपनं ठराविक वेगानेच होतात. तंबोऱ्याची तार ताणली की स्वर चढतो आणि तार जाड घेतली की उतरतो. बंधाचंही तसंच आहे. बंध मजबूत तर कंपन वेगवान, अणू जड तर कंपन मंद. जो प्रकाश नेमका त्याच वेगाने कंप पावतो, तो रेणू शोषून घेतो आणि वर्णपटात त्या ठिकाणी खळगा दिसतो. रसायनतज्ज्ञ ही जागा तरंगसंख्येत सांगतात. एका सेंटिमीटरमध्ये त्या प्रकाशाच्या किती लहरी बसतात, तो हा आकडा. एकट्या, कुणाशीही न जोडलेल्या कार्बन मोनॉक्साईडसाठी तो 2143 आहे. म्हणजे त्याचे दोन अणू सेकंदाला सुमारे 64 लाख कोटी वेळा ये-जा करतात.

प्रत्यक्ष काम फार अवघड नसतं. धातूचं कार्बोनिल संयुग हेक्झेन किंवा डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवायचं, कॅल्शिअम फ्लोराइडच्या दोन पारदर्शक चकत्यांमधल्या फटीत ते द्रावण भरायचं, वर्णपट घ्यायचा आणि नुसत्या द्रावकाचा वर्णपट त्यातून वजा करायचा. 1700 ते 2200 हा वर्णपटाचा पट्टा बहुतेक सेंद्रिय द्रावकांमध्ये जवळपास मोकळा असतो आणि कार्बोनिलचं शोषण फार जोरकस असतं, म्हणून चिमूटभर पदार्थ पुरतो. यंत्रात ओलसर हवा राहिली, तर 1900 च्या खाली पाण्याच्या वाफेच्या बारीक टोकदार रेषा उगवतात. कार्बोनिलची शिखरं त्यांच्यापेक्षा रुंद असतात, त्यामुळे सरावलेल्या डोळ्याला घोटाळा लगेच कळतो.

या आकड्यातून बॅक-बाँडिंग कसं वाचता येतं, याचा सर्वांत स्वच्छ दाखला म्हणजे एक पाच भावंडांची मालिका. पाचही संयुगांत मधल्या धातूभोवती सहा कार्बन मोनॉक्साईड आहेत. पाचही धातूंकडे देण्यासाठी डी ऑर्बिटलमध्ये सहाच इलेक्ट्रॉन आहेत. फरक फक्त केंद्रकातल्या धनभाराचा, आणि म्हणून पूर्ण संयुगावरच्या विद्युतभाराचा. टायटॅनियमचं [Ti(CO)6]2− हे जॉन एलिस यांच्या अमेरिकेतल्या गटाने 1988 साली कळवलं. त्यावर दोन ऋणभार आहेत आणि त्याचा आकडा 1748. व्हॅनेडियमच्या [V(CO)6]− चा 1859. क्रोमियमच्या Cr(CO)6 चा, ज्यावर भारच नाही, 2000. मँगनीजच्या [Mn(CO)6]+ चा सुमारे 2095. आणि लोखंडाच्या [Fe(CO)6]2+ चा सुमारे 2204.

या पाच आकड्यांमागची कथा सरळ आहे. टायटॅनियमच्या केंद्रकात धनभार कमी, म्हणून ते आपल्या सहा इलेक्ट्रॉनांना सैलपणे धरतं आणि उदार हाताने वाटतं. मालिकेत पुढे जावं तसं केंद्रक इलेक्ट्रॉनांना घट्ट आवळतं आणि परतफेड आटत जाते. एकेका भाराच्या फरकामागे आकडा साधारण शंभर ते दीडशेने चढतो. आकड्यांमधला फरक दिसायला किरकोळ वाटतो, पण बंधाचा ताठरपणा आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, हे विसरू नये. 1748 ला 2143 ने भागून वर्ग केला तर 0.67 येतात. टायटॅनियमच्या संयुगात कार्बन आणि ऑक्सिजनमधल्या बंधाचा ताठरपणा एक तृतीयांशाने घटला आहे. क्रोमियमसाठी हाच हिशोब 0.87 देतो, म्हणजे घट सुमारे तेरा टक्के. एका रेणूतल्या सहाच्या सहा बंधांना इतकं सैल करण्याइतके इलेक्ट्रॉन धातूने दिले आहेत, हे एका रेषेवरून कळतं. मला हे नेहमीच विलक्षण वाटत आलं आहे.

मालिका इतकी नीट बसते, कारण तिच्यात भाराखेरीज बाकी सगळं सारखं आहे. आकार तोच, शेजारी तेच, रेणूंची संख्या तीच. हे सारखेपण सुटलं की आकडा फसवायला लागतो. पदव्युत्तर वर्गातल्या मुलांची सर्वांत जास्त फसगत होते ती पुढच्या ठिकाणी, म्हणून तिथे जरा थांबतो.

Cr(CO)6 चे पांढरे स्फटिक ट्रायफेनिलफॉस्फिनबरोबर तापवले, तर एक कार्बन मोनॉक्साईड निघून जातो आणि त्याच्या जागी फॉस्फिन बसतं. नवं संयुग Cr(CO)5(PPh3). त्याचा वर्णपट घेतला तर आधीचं 2000 चं एकटं शिखर गेलेलं दिसतं. नवी शिखरं येतात, त्यातलं एक 2065 च्या आसपास आणि दुसरं, सर्वांत खोल, 1940 च्या आसपास. विद्यार्थी 2065 कडे बोट दाखवतो आणि म्हणतो, की आकडा 2000 वरून वर गेला, म्हणजे फॉस्फिनने धातूचे इलेक्ट्रॉन ओढून घेतले आणि बॅक-बाँडिंग कमी झालं. तर्क चोख आहे आणि निष्कर्ष साफ चुकीचा.

चूक कुठे आहे ते कळायला Cr(CO)6 कडेच पुन्हा पाहावं लागतं. त्याच्यात सहा कार्बन मोनॉक्साईड आहेत आणि ते स्वतंत्रपणे कंप पावत नाहीत. मधल्या धातूतून ते एकमेकांशी जोडलेले असल्यामुळे सगळे मिळून ठराविक पद्धतींनीच हलतात. सहाही एकदम लांबतात आणि एकदम आखडतात, ही एक पद्धत. तिचा आकडा 2119. दुसऱ्या पद्धतीचा, जिच्या दोन सारख्या जोड्या आहेत, 2027. तिसऱ्या पद्धतीत समोरासमोरच्या दोघांपैकी एक लांबतो तेव्हा दुसरा आखडतो. तिचे तीन सारखे प्रकार आहेत आणि आकडा 2000. रेणू तोच, बंध सहाही अगदी सारखे, आणि तरी आकडे तीन.

यातले पहिले दोन अवरक्त वर्णपटात दिसतच नाहीत. अवरक्त प्रकाश शोषला जायचा असेल, तर कंपनाबरोबर रेणूतल्या विद्युतभाराचा तोल एका बाजूला कलायला हवा. सहाही बंध एकदम लांबले तर तोल मध्यभागीच राहतो आणि प्रकाशाला धरायला काही मिळत नाही. ते दोन आकडे रामन वर्णपटात सापडतात, जिथे नियम वेगळा आहे. अवरक्त वर्णपटात एकटं 2000 उरतं आणि नवशिक्याला वाटतं, की हाच या रेणूचा आकडा.

एक कार्बन मोनॉक्साईड काढून फॉस्फिन बसवलं की सममिती मोडते. आधी लपून राहिलेली, सगळे एकदम लांबण्याची पद्धत आता अवरक्त वर्णपटातही दिसायला लागते. 2065 चं शिखर तिचंच. त्याची तुलना 2000 शी करायची नसते, 2119 शी करायची असते. आणि 1940 ची तुलना 2000 शी. दोन्ही तुलना एकच गोष्ट सांगतात. आकडा साधारण पन्नास-साठने खाली आला आहे, म्हणजे फॉस्फिन बसल्यावर उरलेल्या पाच कार्बन मोनॉक्साईडकडे जाणारी परतफेड वाढली आहे. विद्यार्थ्याच्या निष्कर्षाच्या नेमकं उलट.

कोणतं शिखर कोणत्या पद्धतीचं, हे ओळखायची खूण शिखराच्या उंचीत असते. या प्रकारच्या संयुगांत सगळे एकदम लांबण्याचं शिखर सर्वांत वरच्या आकड्यावर असतं आणि बारीक असतं, कारण समोरासमोरच्या जोड्यांमुळे भाराचा तोल फारसा कलत नाही. विरुद्ध हालचालीचं शिखर खाली असतं आणि धिप्पाड असतं. आकडे वाचण्याआधी शिखरं मोजावीत, त्यांच्या उंची पाहाव्यात आणि मगच कोणाची कोणाशी तुलना करायची ते ठरवावं, असं माझं ठाम मत आहे. शिखरं मोजण्याचा आणखी एक फायदा होतो. चार कार्बन मोनॉक्साईड आणि दोन फॉस्फिन असलेल्या मॉलिब्डेनमच्या संयुगात फॉस्फिन शेजारी-शेजारी असतील, तर चार शिखरं अपेक्षित असतात. समोरासमोर असतील तर एकच ठळक शिखर. म्हणजे रेणूची रचनाही त्याच कागदावर असते.

फॉस्फिनमुळे परतफेड का वाढली, हा पुढचा प्रश्न. धातूकडे देण्याजोगे इलेक्ट्रॉन मर्यादित असतात आणि ते मागणारे शेजारी अनेक. कार्बन मोनॉक्साईड हा फार मोठा मागणारा. त्याच्या जागी कमी मागणारा आला, की वाचलेले इलेक्ट्रॉन उरलेल्या कार्बन मोनॉक्साईडच्या वाट्याला येतात. हे नीट पाहण्यासाठी मॉलिब्डेनमची एक मालिका फार उपयोगी आहे. धातूच्या एका बाजूला तीन कार्बन मोनॉक्साईड, दुसऱ्या बाजूला तीन इतर शेजारी. रचना तीच ठेवायची आणि फक्त हे तीन शेजारी बदलायचे. प्रत्येक संयुगात दोन शिखरं येतात. आपण वरच्याची वरच्याशीच तुलना करू.

शेजारी फॉस्फरस ट्रायफ्लुओराइड असेल, तर वरचं शिखर 2090 वर येतं. फ्लुओरिनमुळे भुकेला झालेला हा फॉस्फरस इलेक्ट्रॉन मागण्यात कार्बन मोनॉक्साईडच्या तोडीचा आहे. फॉस्फरस ट्रायक्लोराइड घातलं तर 2040. ट्रायफेनिलफॉस्फिन घातलं तर 1934. आणि तीन नायट्रोजन असलेलं डायइथिलीनट्रायअमीन घातलं तर 1898. हे नायट्रोजन फक्त देतात. परत घ्यायला त्यांच्याकडे सोयीची रिकामी जागाच नसते. मॉलिब्डेनमकडच्या इलेक्ट्रॉनांवर मग तीन कार्बन मोनॉक्साईडचाच हक्क राहतो. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यातला फरक जवळजवळ दोनशे आहे, आणि यात कार्बन मोनॉक्साईडला कोणी हात लावलेला नाही. जे बदललं ते सगळं धातूच्या पलीकडच्या बाजूला.

याच कल्पनेतून अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीतले रसायनतज्ज्ञ चॅडविक टोलमन यांनी 1970 साली एक मोजपट्टी तयार केली. निकेलच्या Ni(CO)4 मधला एक कार्बन मोनॉक्साईड काढून तिथे हवं ते फॉस्फिन बसवायचं आणि उरलेले तीन कार्बन मोनॉक्साईड एकदम लांबतात त्या शिखराचा आकडा डायक्लोरोमिथेनमध्ये मोजायचा. पद्धत एक, द्रावक एक, बदलणारं फक्त फॉस्फिन. ट्रायटर्शरीब्युटिलफॉस्फिनचा आकडा 2056.1 आला, ट्रायफेनिलफॉस्फिनचा 2068.9 आणि फॉस्फरस ट्रायफ्लुओराइडचा 2110.8. उत्प्रेरक बनवणारे लोक आजही हे आकडे पाहून फॉस्फिन निवडतात. निकेल टेट्राकार्बोनिल अत्यंत विषारी आणि सहज उडणारं असल्यामुळे आता तीच मोजणी बऱ्याचदा ऱ्होडियम किंवा इरिडियमच्या संयुगांवर करतात, किंवा संगणकावर आकडा काढतात.

टोलमनची मोजपट्टी मला फार आवडते, पण तिच्या मर्यादेबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. फॉस्फिनने धातूला जास्त इलेक्ट्रॉन दिले तरी आकडा उतरतो, आणि फॉस्फिनने धातूकडून कमी इलेक्ट्रॉन घेतले तरी आकडा उतरतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कार्बन मोनॉक्साईडला दोन्हींचा एकत्रित परिणामच जाणवतो. म्हणून 2056.1 पाहून ट्रायटर्शरीब्युटिलफॉस्फिनला बॅक-बाँडिंग होत नाही असं कोणी लिहिलं, तर ते या आकड्याच्या जोरावर लिहिता येत नाही. तो आकडा इतकंच सांगतो, की देणं-घेणं वजा जाता या धातूवर इलेक्ट्रॉनांची सुबत्ता आहे.

काही वेळा आकडा उतरतो आणि त्याचा धातूच्या उदारपणाशी थेट संबंध नसतो. कार्बन मोनॉक्साईड दोन धातू अणूंच्या मध्ये पुलासारखा बसला, तर दोघेही त्याला देतात आणि कार्बनची बंधरचनाच बदलते. Fe2(CO)9 मध्ये एकाच लोखंडाला जोडलेल्या कार्बन मोनॉक्साईडची शिखरं 2019 आणि 2082 वर आहेत, आणि दोन लोखंडांमधल्यांचं 1829 वर. 1829 पाहून हा जोडणारा कार्बन मोनॉक्साईड असावा, असं अनेक पुस्तकं शिकवतात. मात्र [Fe(CO)4]2− मध्ये एकही पूल नाही, सगळे कार्बन मोनॉक्साईड टोकालाच आहेत, आणि त्याचा आकडा 1790 च्या आसपास, म्हणजे त्याहूनही खाली. ऋणभार असलेल्या संयुगात एकट्या आकड्यावरून पूल ठरवायला जाऊ नये. शंका असेल तेव्हा क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना पाहावी.

दुसरा प्रकार अणूच्या वजनाचा. साध्या कार्बनऐवजी कार्बन-13 घातला, तर एकट्या कार्बन मोनॉक्साईडचा आकडा 2143 वरून सुमारे 2096 वर येतो. बंधात तसूभरही फरक पडलेला नसतो, फक्त कार्बन जड झालेला असतो. हे आधीच माहीत असल्यामुळे त्याचा उपयोगही होतो. वर्णपटातलं संशयास्पद शिखर खरंच कार्बोनिलचं आहे का, हे पाहायचं असेल तर कार्बन-13 चा कार्बन मोनॉक्साईड वापरून तेच संयुग बनवायचं. शिखर ठरलेल्या प्रमाणात सरकलं तर ते कार्बोनिलचं, जागीच राहिलं तर दुसऱ्या कशाचं तरी.

आता लोखंडाच्या त्या 2204 कडे वळू, कारण पाच भावंडांच्या कथेत तो आकडा बसत नाही. बॅक-बाँडिंगने बंध सैल होतो आणि आकडा 2143 च्या खाली येतो, इतकंच खरं असतं तर परतफेड पूर्ण थांबल्यावर आकडा फार तर 2143 वर येऊन टेकायला हवा होता. हा आकडा त्याच्याही वर गेला आहे. तो एकटाही नाही. 1990 च्या दशकात स्टीव्हन स्ट्रॉस यांनी चांदीची, आणि हेल्गे विल्नर व फ्रिडहेल्म आउबके यांनी महाआम्लांमध्ये लोखंड, पॅलेडियम, प्लॅटिनम, इरिडियम अशा धातूंची धनभारित कार्बोनिलं बनवली. त्यांत [Ir(CO)6]3+ चा आकडा 2254 च्या आसपास आहे. धातूही सोडा. कार्बन मोनॉक्साईडच्या कार्बन टोकाला नुसता प्रोटॉन जोडला, तर HCO+ मध्ये आकडा 2184 होतो, आणि प्रोटॉनकडे परत द्यायला एकही इलेक्ट्रॉन नसतो.

बराच काळ याचं स्पष्टीकरण असं दिलं जाई, की कार्बनवरची मोकळी जोडी स्वतःच थोडी बंधविरोधी असते आणि ती धातूला दिली की बंध घट्ट होतो. पुढे संगणकी गणितांनी दाखवलं, की मुख्य कारण विद्युत क्षेत्राचं आहे. ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांचा जास्त लोभी असल्यामुळे एकट्या कार्बन मोनॉक्साईडमधल्या बंधाचे इलेक्ट्रॉन त्याच्याकडे कललेले असतात. कार्बनच्या बाजूला धनभार आणून ठेवला की ते कार्बनकडे ओढले जातात, दोन अणूंमधली वाटणी अधिक समसमान होते आणि बंध घट्ट होतो. इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण झाली नाही तरी हा परिणाम होतो.

याचा अर्थ 2143 हा बॅक-बाँडिंगचा शून्य नाही. धनभारित संयुगात भार आकडा वर ढकलत असतो आणि परतफेड त्याला खाली ओढत असते. आपल्याला दिसतो तो या दोन ओढींचा निकाल. [Fe(CO)6]2+ चा आकडा 2143 च्या वर आहे म्हणून त्याच्यात परतफेड अजिबात नाही, असं म्हणता येत नाही. [Mn(CO)6]+ चा 2095 हा आकडा 2143 ला जवळ आहे म्हणून त्यात परतफेड नाममात्र आहे, असंही नाही. आणि धातू कार्बन मोनॉक्साईडला किती घट्ट धरतो, हे तर या आकड्यावरून मुळीच काढू नये. टंगस्टनच्या रांगेतल्या अशाच सहा कार्बन मोनॉक्साईडच्या मालिकेवर झालेल्या गणितांत पहिला कार्बन मोनॉक्साईड तोडायला लागणारी ऊर्जा ऋणभाराच्या टोकाला जास्त निघाली, मध्ये टंगस्टनपाशी कमी आणि धनभाराच्या टोकाला इरिडियमपाशी पुन्हा जास्त. आकडा मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत चढतच जातो.

कार्बनच्या बाजूचा धनभार आकडा चढवत असेल, तर ऑक्सिजनच्या बाजूचा धनभार उतरवेल का? हे पाहायला निसर्गाने एक सुंदर जागा तयार ठेवली आहे, आपल्या स्नायूंमधल्या मायोग्लोबिनमध्ये. हिवाळ्यात बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावून अंघोळ करताना होणाऱ्या मृत्यूंच्या बातम्या आपण वाचतो. तिथे कार्बन मोनॉक्साईड रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या लोखंडाला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. हे लोखंडही त्याला इलेक्ट्रॉन परत देतं आणि तिथे आकडा 1951 वर येतो. मायोग्लोबिनमध्ये लोखंडाची घडण तशीच असते, मुख्य आकडा 1944. लोखंडाला चिकटलेल्या कार्बन मोनॉक्साईडच्या ऑक्सिजन टोकाजवळ हिस्टिडिन नावाच्या अमिनो आम्लाची साखळी लोंबत असते आणि तिच्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन, जो किंचित धनभारित असतो, ऑक्सिजनकडे तोंड करून असतो. द्रावण आम्लधर्मी केलं, की ही साखळी प्रोटॉन घेऊन बाहेरच्या पाण्याकडे वळते आणि 1965 वर वेगळं शिखर वाढायला लागतं. जनुकात बदल करून हिस्टिडिनच्या जागी धनभाराची बाजू नसलेलं ल्युसिन बसवलं, तरी आकडा त्याच आसपास येतो.

लोखंड तेच आहे, त्याच्या खालच्या बाजूचा शेजारीही तोच आहे. ऑक्सिजनजवळचा एक हायड्रोजन दूर झाल्याने आकडा वीसेकने चढला. तो जवळ होता तेव्हा कार्बन मोनॉक्साईडची रिकामी जागा इलेक्ट्रॉनांसाठी अधिक सोयीची झाली होती आणि लोखंडाकडून जास्त इलेक्ट्रॉन तिकडे जात होते. इथे बॅक-बाँडिंग बदललं, पण त्याचं कारण धातूमध्ये शोधून सापडलं नसतं. म्हणून प्रथिनांवर काम करणारे लोक लोखंडावर मुद्दाम कार्बन मोनॉक्साईड बसवतात आणि 1900 ते 2000 मधलं ते शिखर पाहून त्या अरुंद कप्प्यात कुठे भार आहे, कोणती साखळी आत वळली आहे आणि कोणती बाहेर, हे ठरवतात.